‘घरातल्यांनाही’ या एका शब्दातून मल्याळम् : लांबलचक शब्दांची उकल

‘वीट्टिलुळ्ळवर्क्कुम्’. हा एकच मल्याळम् शब्द आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याची जीभ अडखळते, आणि हा शब्द कुठे सुरू होतो व कुठे संपतो याचा अंदाज येत नाही. त्याचा मराठी अर्थ मात्र आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो : ‘घरातल्यांनाही’. मराठीतही हा एकच शब्द आहे, आणि त्याच्या लांबीने आपण कधी दचकत नाही.

गोव्यातील मराठी वाचकाला मल्याळम् अपरिचित असली तरी ती कानाला नवी नाही. कोकण रेल्वेने मडगावहून जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस थेट तिरुवनंतपुरमला पोहोचते, आणि डब्यातल्या गप्पा निम्म्या वाटेपासून मल्याळम्‌मध्ये रंगतात. त्या ऐकताना एक गोष्ट जाणवते : शब्द सुटे सुटे ऐकू येत नाहीत, ते एकमेकांना चिकटून येतात. ही चिकटवाचिकटवी कशी होते, ती सोडवायची कशी, आणि सोडवताना मराठी माणूस कुठे फसतो, एवढेच या लेखात पाहू.

आधी उच्चाराबद्दल दोन गोष्टी. मल्याळम् शब्द येथे त्यांच्या लेखनाप्रमाणे दिले आहेत. दोन स्वरांमधला एकेरी ‘ट’ प्रत्यक्षात ‘ड’च्या जवळ ऐकू येतो, ‘वीटु’ म्हणजे घर, हा शब्द ‘वीडु’सारखा उच्चारला जातो. दुसरे म्हणजे, अशा अनेक शब्दांच्या शेवटचा ‘उ’ पूर्ण नसतो. ओठ गोल न करता तो निसटता उच्चारतात. त्याला मल्याळम् व्याकरणात ‘संवृतोकार’ म्हणतात. हा अर्धा उकार पुढे स्वर आला की नाहीसा होतो.

सहा तुकडे, आणि आरशातली इंग्रजी

आता पहिला शब्द सोडवू. त्याचे सहा तुकडे पडतात.

वीट्ट् : घरा (घर या शब्दाचे सामान्यरूप)
इल् : त
उळ्ळ : असलेले, म्हणजे ‘घरातल्या’मधला ‘ल्या’
अवर् : ते लोक
क्कु : ना
उम् : ही

या तुकड्यांसाठी मराठी तुकडे त्याच क्रमाने ठेवत गेले की ‘घरा-त-ल्यां-ना-ही’ असा शब्द आपोआप तयार होतो. मल्याळम् ‘अवर्’साठी मराठीत वेगळा शब्द नाही, ‘ल्यां’वरचा अनुस्वार ते काम करतो, कारण तोच अनेकवचन दाखवतो. बाकी जुळणी तुकड्यास तुकडा अशी आहे.

इंग्रजीत हाच अर्थ सांगायचा तर ‘ईव्हन टू दोज हू आर इन द हाउस’ असे म्हणावे लागते. आता मल्याळम् शब्द शेवटाकडून उलटा वाचा. उम् म्हणजे ‘ईव्हन’, क्कु म्हणजे ‘टू’, अवर् म्हणजे ‘दोज’, उळ्ळ म्हणजे ‘हू आर’, इल् म्हणजे ‘इन’ आणि वीट्ट् म्हणजे ‘हाउस’. इंग्रजी वाक्यखंड हा मल्याळम् शब्दाचे आरशातले प्रतिबिंब आहे. म्हणून जो इंग्रजीच्या आधारे मल्याळम् शिकतो, त्याला प्रत्येक शब्द शेपटीकडून धरावा लागतो. मराठी माणसाला ही कसरत करावी लागत नाही. मल्याळम् द्राविड कुळातली आणि मराठी आर्य कुळातली; तरी मुख्य शब्द आधी आणि त्याचे नाते सांगणारे तुकडे मागून, ही रीत दोघींची सारखीच आहे.

येथे एक शंका येईल : मग मल्याळम् शब्दच लांब म्हणून प्रसिद्ध का? त्याचे उत्तर काही अंशी लेखनाच्या सवयीत आहे. हिंदीत हाच अर्थ ‘घर के लोगों को भी’ असा पाच सुट्या शब्दांत लिहितात. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिते, म्हणून तिथे एक शब्द होतो. मल्याळम् त्याहून पुढे जाऊन क्रियापदे, नकार आणि सहायक शब्दही जोडून लिहू शकते. म्हणजे शब्दाची लांबी हा विचारांच्या गुंतागुंतीचा पुरावा नव्हे. मोकळी जागा कुठे सोडायची, याचा तो निर्णय आहे. खुद्द मल्याळम् लेखकांतही या बाबतीत एकवाक्यता नसते. एक जण जो शब्दसमूह सलग लिहील, तो दुसरा मधे जागा सोडून लिहील.

घर बदलते ते दाराशीच

वरच्या यादीत मूळ शब्द ‘वीटु’ असताना पहिला तुकडा ‘वीट्ट्’ असा आला आहे. ही चूक नाही. मराठीत ‘घर’ला ‘त’ थेट लागत नाही. आधी ‘घरा’ व्हावे लागते. ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते. याला आपण सामान्यरूप म्हणतो. मल्याळम्‌मध्येही तेच घडते, फक्त बदलाची तऱ्हा वेगळी. ‘वीटु’मधला ट दुप्पट होतो : वीट्टिल्, म्हणजे घरात. ‘म्’ने संपणाऱ्या नामांचा ‘म्’ जातो आणि ‘त्त्’ येतो : पुस्तकम् या शब्दापासून पुस्तकत्तिल्, म्हणजे पुस्तकात, मरम् म्हणजे झाड, त्यापासून मरत्तिल्, म्हणजे झाडावर.

अनेकवचनात मात्र ही दुप्पट होत नाही. ‘घरे’ म्हणजे वीटुकळ्, आणि ‘घरांत’ म्हणजे वीटुकळिल्. म्हणून एखाद्या मजकुरात ‘वीटु’ हा शब्द शोधणाऱ्याला ‘वीट्टिल्’ सापडणार नाही, जसा ‘घोडा’ शोधणाऱ्याला ‘घोड्याने’ सापडत नाही. शब्दकोश उघडण्यापूर्वी दुप्पट झालेला ट एकेरी करायचा, ‘त्त्’च्या जागी ‘म्’ ठेवायचा, मग पान शोधायचे. हेर्मान गुंडर्ट यांचा मल्याळम्-इंग्रजी कोश 1872 मध्ये मंगळूरहून निघाला. असा कोश हाताशी असला तरी शब्द आधी मूळ रूपाला नेता आला नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. या कामात एक सापळाही आहे : ऱ्हस्व इकाराचा ‘विट्टु’ म्हणजे ‘सोडले’. त्याचा घराशी गोंधळ केला, तर वाक्याचा अर्थ भलतीकडे जातो.

डिंकाचे चार प्रकार

दोन तुकडे जुळताना सांध्यावर जे घडते, त्याची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. ए. आर. राजराजवर्मा यांनी ‘केरळपाणिनीयम्’ हे मल्याळम्‌चे व्याकरण 1896 मध्ये लिहिले आणि 1917 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. त्यांनी संधीचे चार प्रकार सांगितले आहेत : लोप, आगम, द्वित्व आणि आदेश.

लोपात सांध्यावरचा एक ध्वनी गळतो. ‘कण्टु’ म्हणजे पाहिले आणि ‘इल्ल’ म्हणजे नाही. दोन्ही मिळून ‘कण्टिल्ल’, म्हणजे पाहिले नाही. उकार गेला.

आगमात नवा ध्वनी येतो. ‘पन’ म्हणजे ताड आणि ‘ओल’ म्हणजे झावळीचे पान. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे ‘य्’ येतो आणि ‘पनयोल’ होते. हेच काम ‘उ’नंतर बहुधा ‘व्’ करतो. ‘तिरु’ म्हणजे श्री किंवा पवित्र. तिरु आणि ओणम् मिळून ‘तिरुवोणम्’, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस.

आदेशात एका ध्वनीच्या जागी दुसरा बसतो. ‘नेल्’ म्हणजे भात, शेतातले. ‘मणि’ म्हणजे दाणा. दोन्ही मिळून ‘नेन्मणि’. पुढच्या ‘म’च्या संगतीने ‘ल्’चा ‘न्’ झाला.

द्वित्व सर्वांत बोलके आहे. ‘ती’ म्हणजे आग आणि ‘पेट्टि’ म्हणजे पेटी. दोन्ही मिळून ‘तीप्पेट्टि’, म्हणजे आपली काडेपेटी. येथे ‘प’ दुप्पट झाला, आणि ही दुप्पट अर्थ सांगते : पहिला शब्द दुसऱ्याचे विशेषण आहे, म्हणजे आगीची पेटी. ‘आन’ म्हणजे हत्ती, ‘कोम्पु’ म्हणजे शिंग किंवा सुळा. ‘आनक्कोम्पु’ म्हणजे हस्तिदंत. येथेही ‘क’ दुप्पट झाला. पण ‘कै’ म्हणजे हात आणि ‘काल्’ म्हणजे पाय यांपासून होणाऱ्या ‘कैकालुकळ्’ या शब्दात दुप्पट नाही, कारण तो द्वंद्व समास आहे : हात आणि पाय. मराठीत ‘हातपाय’ आणि ‘हातरुमाल’ या दोन शब्दांत सांधा सारखाच दिसतो; कोण कोणाचे विशेषण, हे अर्थावरून ठरवावे लागते. मल्याळम् त्याची खूण बऱ्याचदा सांध्यावरच ठेवते.

तिरुवनंतपुरम आणि वृत्तपत्रांची चूक

या चार प्रकारांची गरज भाषाभ्यासकापुरती नाही. वृत्तपत्राच्या टेबलावर बसणाऱ्याला ती रोज भासते. केरळच्या राजधानीचे नाव मराठी मजकुरात कधी ‘थिरुवनंतपुरम’ असे येते. इंग्रजीतून नाव उचलताना ‘टी-एच’ या अक्षरांचा ‘थ’ होतो. प्रत्यक्षात केरळात ‘त’ दाखवण्यासाठी इंग्रजी लिपीत ‘टी-एच’ लिहिण्याची पद्धत आहे, कारण एकट्या ‘टी’ने तिथे ‘ट’ दाखवला जातो. नाव सोडवून पाहिले की चूक उरत नाही : तिरु + व् + अनंत + पुरम्. श्रीअनंताचे पूर. मधला ‘व्’ हा केवळ डिंक आहे.

पण प्रत्येक ‘व्’ डिंक नसतो. ‘तिरुवचनम्’ हा शब्द पाहा. ‘तिरुवोणम्’च्या चालीवर तो ‘तिरु + व् + अचनम्’ असा सोडवला तर हाती काही लागत नाही, कारण ‘अचनम्’ असा शब्द येथे नाही. तो तिरु + वचनम् असा सोडवायला हवा : पवित्र वचन. उलट ‘तिरुवोणम्’मध्ये ‘वोणम्’ शोधू लागलो तर तेही सापडणार नाही. दोन्ही शब्द बाहेरून सारखे, सांधा मात्र वेगळ्या ठिकाणी. म्हणून उकल करताना एकच कसोटी विश्वासाची : तोडलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे भाषेत सापडला पाहिजे. एक तुकडा जरी निराधार उरला, तरी पातं चुकीच्या जागी पडले असे समजावे.

क्रियापद : घेऊन आणि बसून

आता जरा अवघड प्रकार. ‘पऱञ्ञुकोण्टिरिक्कुकयायिरुन्नु’. बारा अक्षरांचा हा शब्द मल्याळम् कथा-कादंबऱ्यांतच नव्हे, तर साध्या बोलण्यातही येतो. त्याचे तुकडे असे.

पऱञ्ञु : सांगून, बोलून
कोण्टु : घेऊन
इरिक्कुक : बसणे, असणे
य् : डिंक
आयिरुन्नु : होते (तेही पुन्हा ‘होऊन’ आणि ‘बसले’ यांचे मिळून झालेले)

शब्दशः ‘बोलून घेऊन बसणे होते’. हे मराठी नव्हे. पण ‘बोलत बसला होता’ हे अस्सल मराठी आहे, आणि त्यात ‘बसणे’ हे क्रियापद नेमके तेच काम करते जे मल्याळम्‌मध्ये ‘इरिक्कुक’ करते. बोलणारा उभा असला तरी मराठीत तो ‘बोलत बसलेला’ असू शकतो. इंग्रजीत हा सगळा पसारा ‘वॉज सेइंग’ एवढ्यात आटोपतो, पण बसण्याची ती छटा त्यात नाहीशी होते.

तुकड्यांचे मूळ अर्थ लक्षात ठेवावेत, पण त्यांना धरून बसू नये, हा धडा ‘कोण्टु’ देतो. मूळ अर्थ ‘घेऊन’. ‘पेनकोण्टु’ म्हणजे पेनाने. येथे ते करण दाखवते. ‘पऱञ्ञुकोण्टु’मध्ये ते क्रिया चालू असल्याचे दाखवते. पुढे आपण ते कारण दाखवतानाही पाहू. तुकडा एकच असला तरी तो कशाला चिकटला आहे, यावरून त्याचे काम ठरते.

येथे मराठी माणसाला खरी ठेच लागते ती वेगळ्याच जागी. ‘बोलत बसला होता’ असे मी वर लिहिले. पण मल्याळम् शब्दात ‘बसला’ कुठे आहे? आधुनिक मल्याळम् क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष यांचे प्रत्यय लागत नाहीत. ‘वन्नु’ म्हणजे आलो, आलीस, आला, आली, आले, आल्या, सगळे एकच. म्हणून वरचा शब्द ‘बोलत बसली होती’ किंवा ‘बोलत बसलो होतो’ असाही होऊ शकतो. लांबलचक शब्दात इतके काही कोंबलेले असताना, मराठीला ज्याच्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही ती गोष्ट त्यात नसते. ‘आशुपत्रियिलायिरुन्नु’ हा शब्द बातमीत आला, तर त्याची उकल सोपी आहे : आशुपत्रि म्हणजे रुग्णालय, य् हा डिंक, इल् म्हणजे त, आयिरुन्नु म्हणजे होते. पण रुग्णालयात होता की होती? हे शब्दावरून कळत नाही. वाक्याचा कर्ता शोधावा लागतो, आणि कर्त्याचे नाव अपरिचित असेल तर खात्री करून घ्यावी लागते. अंदाजाने ‘होता’ लिहिले, तर मूळ बातमीत नसलेली चूक आपण आपल्या हाताने घातलेली असते.

एक शब्द अखेरपर्यंत

आता आतापर्यंतचे सगळे एकत्र करून एक शब्द पूर्ण सोडवू : ‘वीट्टिलिल्लातिरुन्नतुकोण्टु’. मागून पुढे जाऊ, कारण शेवटचा तुकडा सर्वांत आधी ओळखू येतो.

शेवटी ‘कोण्टु’ आहे. त्याच्या आधी ‘अतु’, म्हणजे ते. ‘अतुकोण्टु’ म्हणजे त्याने, त्यामुळे. म्हणजे हा कारण सांगणारा शब्द आहे. त्याच्या आधी ‘इरुन्न’ : बसलेले, असलेले, आणि तेही भूतकाळात. ‘इरुन्न’ आणि ‘अतु’ यांच्या सांध्यावर एक ‘अ’ लोपला. त्याच्या आधी ‘इल्लाते’ : इल्ल म्हणजे नाही, त्याचे ‘नसता’ अशा अर्थाचे रूप. त्याचा शेवटचा एकार पुढच्या इकारासमोर लोपला. उरले ‘वीट्टिल्’ : घरात.

तुकडे क्रमाने मांडले तर : वीट्ट्-इल्-इल्लाते-इरुन्न-अतु-कोण्टु. मराठीत शब्दशः ‘घरा-त-नसता-असलेल्या-त्या-मुळे’, आणि सरळ मराठीत ‘घरी नसल्यामुळे’. इंग्रजीत पुन्हा आरसा : ‘बाय द फॅक्ट दॅट वॉज नॉट इन हाउस’.

येथे मराठीची मर्यादाही दिसते. ‘इरुन्न’ काढून ‘वीट्टिलिल्लात्ततुकोण्टु’ असे म्हटले, तर घरी नसण्याची गोष्ट भूतकाळात ढकललेली नसते. आताही घरी नसल्यामुळे, असा अर्थ होतो. मराठीत दोन्हींसाठी ‘घरी नसल्यामुळे’ एवढेच आहे, आणि काळ पुढच्या क्रियापदावरून कळतो. कोण घरी नव्हते, हे मात्र मल्याळम्‌ही सांगत नाही आणि ‘नसल्यामुळे’ही सांगत नाही. या एका शब्दापुरती मराठीची अडचण टळते.

ज्यांना हात चालवून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी एक शब्द : ‘पुस्तकत्तिलुळ्ळतुम्’. यातला प्रत्येक तुकडा वर येऊन गेला आहे. ‘त्त्’च्या जागी ‘म्’ ठेवला की मूळ शब्द दिसेल. मग ‘त’, मग ‘ल’, मग ‘ते’, आणि शेवटी ‘ही’. उत्तर एका मराठी शब्दात येते : पुस्तकातलेही.